५.१० म्हणजे १५५ सेंटिमीटर कसे?

प्रश्न: जुन्या नोंदवहीत सगळ्यांची उंची ५.४, ५.१० अशी लिहिली आहे. एक्सेलमध्ये ३०.४८ ने गुणलं तर ५.१० वाल्या उंच माणसाचे १५५ सेंटिमीटर येतात. चूक कुठे होतेय?

गुणाकार बरोबर आहे, बिंदू चुकीचा वाचला गेलाय. वहीत ५.१० म्हणजे पाच फूट दहा इंच. एक्सेलला ते ‘पाच फूट आणि फुटाचा दहावा भाग’ वाटतं. फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. त्यामुळे फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत टाका आणि मग हे सूत्र द्या:

```
=A2*30.48+B2*2.54
```

५ × ३०.४८ = १५२.४, १० × २.५४ = २५.४, मिळून १७७.८ सेंटिमीटर. इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, त्यात अंदाज काही नाही. सोपं जावं म्हणून ३० आणि २.५ घेतलेत, तर हाच माणूस १७५ चा होतो.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एक्सेल ५.१० मधलं शेवटचं शून्य टाकून देतं आणि ५.१ ठेवतं. म्हणजे पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच या दोन माणसांची नोंद एकच झाली. दोन दशांश दाखवायला सांगितलं की दोघांपुढेही ५.१० दिसतं, पण गेलेली माहिती परत येत नाही. मी एकदा आरोग्य तपासणीची अशीच यादी रूपांतरित केली होती. सत्तर किलोच्या एका माणसाचा बीएमआय २२ यायला हवा होता, तो आला २९! त्याला वजन कमी करायचा सल्ला जाण्याआधी कुणीतरी वही उघडून पाहिली, म्हणून निभावलं. तेव्हा ५.१ च्या सगळ्या ओळी मूळ कागदाशी ताडून घ्या, दुसरा उपाय नाही.

सरासरीवर विसंबू नका. या चुकीने ५.९ ची उंची साडेचार सेंटिमीटर वाढते आणि ५.१० ची बावीस सेंटिमीटर घटते, त्यामुळे बेरजेत बरंचसं झाकलं जातं. त्यापेक्षा यादी वहीतल्या उंचीच्या क्रमाने लावा. पाच फूट नऊ इंचवाला १८० चा आणि त्याच्याखालचा दहा इंचवाला १५५ चा दिसला, की समजायचं.

पूर्णांकात आणायची घाई नको. पाच फूट सात इंच म्हणजे १७०.१८. ते १७० केलं आणि पुढे कुणी परत इंचात नेलं तर ६६.९३ इंच येतात. त्याने दशांश छाटला की पाच फूट सहा इंच, आणि पुन्हा सेंटिमीटर केले की १६७.६४. माणूस तोच, कागदावर अडीच सेंटिमीटर खुजा! म्हणून मोजलेले फूट-इंच जसेच्या तसे ठेवा, १७०.१८ शेजारच्या रकान्यात राहू द्या आणि पूर्णांक फक्त छापताना करा.