आईच्या हातात घड्याळ आहे, पण दार कोण उघडणार?

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. पुण्यात कोथरूडला फ्लॅटमध्ये एकटी राहते, आम्ही टोरांटोत. मी माझा जुना आयफोन आणि एक ॲपल वॉच तिला दिलं. माणूस पडलं की घड्याळ आपणहून फोन लावतं, असं ऐकलं होतं. परवा ती पलंगावरून उठताना घसरून खाली बसली. बराच वेळ तिला उठता येईना, पण घड्याळाने काहीच केलं नाही. सेटिंग चुकलं की घड्याळ बिघडलंय?

उत्तर : घड्याळ बहुधा चांगलं आहे. पण आधी एक गोष्ट तपासा. फोन तुमचा जुना आहे, म्हणजे त्यात जन्मतारीखही तुमचीच राहिली असण्याची शक्यता आहे. नोंदवलेलं वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर पडणं ओळखण्याची सोय आपोआप चालू होते. तुमच्या वयावर ती बंद राहते किंवा फक्त व्यायामाच्या वेळी चालते. फोनच्या Health ॲपमध्ये आईची जन्मतारीख घाला. मग Watch ॲपमध्ये Emergency SOS उघडून Fall Detection चालू करा आणि Always On निवडा. Wrist Detection चालू नसेल, तर घड्याळ पडणं ओळखलं तरी आपणहून फोन लावत नाही. तेही पाहून घ्या.

हे सगळं बरोबर असतं, तरी परवाच्या प्रसंगात घड्याळ बहुधा गप्पच राहिलं असतं. ते मनगटाची हालचाल आणि आपटण्याचा धक्का मोजतं. उभं माणूस धाडकन पडलं तर ते त्याला कळतं. भिंतीला धरत हळूहळू खाली बसणं, पलंगाच्या कडेवरून घसरणं, खुर्चीतून ओघळणं यांत तसा धक्काच नसतो. म्हातारपणी माणसं अशीही पडतात आणि तशीच तासन्‌तास जमिनीवर राहतात.

जोरात पडल्यावर काय होतं, तेही नीट समजून घ्या. घड्याळ आधी मनगटावर टकटक करतं, आवाज करतं आणि पडद्यावर विचारतं. माणूस साधारण मिनिटभर अजिबात हललं नाही, तर ते ३० सेकंद उलटी मोजणी करतं आणि मग आपत्कालीन क्रमांक लावतं. भारतात तो ११२. मात्र माणूस हलतंय असं दिसलं, तर ते उत्तराची वाट पाहतं आणि आपणहून फोन लावत नाही. आता विचार करा, आईचं खुब्याचं हाड मोडलंय. ती शुद्धीवर आहे, कण्हतेय, हात हलवतेय. घड्याळाच्या लेखी ती हलतेय, म्हणजे फोन तिलाच लावावा लागणार.

म्हणून आईला बटण शिकवा. घड्याळाच्या कडेला गोल फिरणाऱ्या मुकुटाशेजारी एक लांबट बटण असतं. ते दाबून धरलं की पडद्यावर सरकपट्टी येते. दाबून धरणं चालूच ठेवलं तर मोजणी सुरू होऊन फोन लागतो. सराव करताना Emergency SOS मधलं Hold Side Button to Dial तात्पुरतं बंद ठेवा, म्हणजे फक्त सरकपट्टी दिसेल आणि ११२ ला उगाच फोन जाणार नाही. सराव झाला की आठवणीने परत चालू करा. व्हिडिओ कॉलवर तिला हे आडवं पडून करायला सांगा. उभ्याने सहज जमणारं बटण पाठ टेकलेली असताना, चष्मा नसताना सापडायला वेळ लागतो. भारतात आयफोनचं बाजूचं बटण पटापट तीनदा दाबलं तरी ११२ लागतो. तेही तिला सांगा, पण फोन हाताशी असेलच असं नाही.

आता खरा प्रश्न, निरोप कुणाला जाणार? ११२ चा फोन संपल्यावर आईचा ठावठिकाणा तिच्या आपत्कालीन संपर्कांना जातो. Health ॲपमधल्या Medical ID मध्ये हे संपर्क असतात. तिथेही जुन्या फोनमधली तुमचीच माहिती आणि तुमचेच संपर्क असू शकतात. ते काढा. बहुतेक घरांत पहिलं नाव परदेशातल्या मुलाचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की ते पहिलं नसावं. पुण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात टोरांटोत रात्रीचे दीड वाजलेले असतात. शिवाय निरोप साध्या एसएमएसने निघाला, तर प्रीपेडच्या पॅकमधले रोजचे फुकट एसएमएस परदेशी नंबरला सहसा चालत नाहीत, वेगळी शिल्लक लागते. आधी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं नाव घाला, मग पुण्यातच राहणाऱ्या आतेभावाचं, आणि त्यानंतर स्वतःचं. तुमच्या आयफोनमध्ये आईच्या संपर्कात Ringtone आणि Text Tone उघडून दोन्हीकडे Emergency Bypass चालू करा. मग फोन गप्प ठेवलेला असला तरी तिचा कॉल आणि मेसेज वाजेल.

निरोप वेळेत पोहोचला असं धरू. काकू धावत आल्या, लॅच लागलंय, आणि आतून कडीही लावलेली आहे. किल्ली असून उपयोग काय? सुताराला बोलवून दार फोडेपर्यंत आई आत पडलेली. रात्री कडी लावल्याशिवाय झोप येत नाही असं ती म्हणेल, आणि त्यात गैर काही नाही. तिला सुरक्षित वाटेल असं, बाहेरूनही किल्लीने उघडणारं दणकट कुलूप बसवा आणि कडी काढूनच टाका. एक किल्ली काकूंकडे, दुसरी आतेभावाकडे. बाथरूमची आतली कडीही काढा. एकट्या माणसाला तिचा उपयोग नाही.

काकूंशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. मेसेज आला की पहिलं काम किल्ली घेऊन दार उघडणं, दुसरं १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवणं, तिसरं तुम्हाला कळवणं. आई पडलेली असेल तर तिला ओढून उठवू नका, हेही सांगा. खुबा मोडला असेल तर त्याने इजा वाढते. टोरांटोतून ११२ लावलात तर तो तिथल्याच ९११ ला जाईल. म्हणून सोसायटीच्या ऑफिसचा, जवळच्या हॉस्पिटलचा आणि आतेभावाचा नंबर +९१ सह फोनमध्ये जतन करा.

घड्याळ सेल्युलर नसेल, तर त्याचा भार जवळच्या फोनवर असतो. आईला फोन बेडरूममध्ये ठेवून बाथरूम, गॅलरी, गच्ची असं फिरायला सांगा. जिथे पडद्यावर लाल फोनचं चिन्ह येईल, तिथे घड्याळ आणि फोनची ताटातूट झालेली आहे. बाथरूममध्येच तसं होत असेल तर फोनची जागा बदला, किंवा पुढचं घड्याळ सेल्युलर घ्या. ते भारतातच घ्या, कारण उत्तर अमेरिकेतली सेल्युलर मॉडेलं वेगळी असतात. आईकडे सॅमसंगचा फोन असता तर ॲपल वॉच त्याला जोडलंच गेलं नसतं, गॅलेक्सी वॉच घ्यावं लागलं असतं.

चार्जिंगचं एक सांगायचं राहिलं. घड्याळ जवळपास रोज चार्ज करावं लागतं आणि बहुतेक जण ते रात्री काढून ठेवतात. पण पहाटे अंधारात बाथरूमला जातानाच तर त्याची गरज असते. सकाळी आई चहा घेऊन पेपर वाचत बसते, तेव्हा ते चार्जिंगला लावू द्या. पेपर संपला की परत मनगटावर. अंघोळीलाही ते काढायचं नाही. पाणी चालतं, साबण मात्र त्यावर फासू नये. पट्टा रबरासारखा सिलिकॉनचा असू द्या, चामड्याचा नको.