रीच, इम्प्रेशन, रोआस: दुकानदाराला मराठीत कसं सांगावं?

प्रश्न: फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीचा रिपोर्ट दुकानदारांना मराठीत द्यायचा असतो. रीच, इम्प्रेशन, रोआस यांना काय म्हणावं? ‘छाप’, ‘प्रसारव्याप्ती’ लिहिलं की लोक गोंधळतात.

उत्तर: नामं शोधत बसू नका. ‘जण’ आणि ‘वेळा’ या दोन शब्दांत निम्मं काम होतं. रीच म्हणजे ‘किती जणांना दिसली’, इम्प्रेशन म्हणजे ‘किती वेळा दिसली’. समजा, साडीच्या दुकानाने महिन्यात ६,००० रुपये खर्च केले. जाहिरात २०,००० जणांना मिळून ५०,००० वेळा दिसली, म्हणजे माणशी सरासरी अडीच वेळा. ‘वारंवारता’ लिहायची गरजच उरली नाही. (खरं तर मोजली जातात ती खाती, आणि तीही अंदाजाने. हे एकदा तोंडी सांगून ठेवावं.)

‘जण’ म्हटल्याचा आणखी एक फायदा आहे. दर आठवड्याला ८,००० जण दिसले की मालक चार आठवड्यांचे ३२,००० करतो आणि महिन्याचे २०,००० बघून ‘बाकीचे गेले कुठे?’ विचारतो. तीच माणसं पुन्हा आली, हे ‘जण’ शब्दाने लगेच पटतं. ‘वेळा’ची बेरीज होते, ‘जणां’ची होत नाही.

क्लिकला क्लिकच म्हणा, फक्त कुठला ते सांगा. `Clicks (all)` मध्ये लाइक, कमेंट, ‘आणखी वाचा’ वगैरे सगळं येतं. `Link clicks` म्हणजे जाहिरातीतली लिंक दाबली. वरच्या उदाहरणात पहिला आकडा १,५०० आणि दुसरा ५०० असेल, तर ‘लिंक ५०० वेळा दाबली, एका क्लिकला १२ रुपये पडले’ असं लिहावं. १,५०० ने भागलं तर तोच क्लिक ४ रुपयांचा दिसतो आणि मालक उगाच खूश होतो. सीटीआर: ‘१०० वेळा दिसली की एकदा लिंक दाबली जाते.’

कन्व्हर्जनला ‘रूपांतरण’ अजिबात नको. प्रत्यक्ष जे झालं तेच लिहा: ‘४० जणांनी मेसेज करून चौकशी केली, एक चौकशी १५० रुपयांना पडली.’

सगळ्यात घातक शब्द ‘परतावा’. रोआस ३ आहे म्हणून ‘तिप्पट परतावा’ लिहिलं, की मालकाला एफडीचं व्याज आठवतं, तो नफाच समजतो. रोआस म्हणजे ‘जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री’. इथे ६,००० वर १८,००० ची विक्री झाली. साडीवर विक्रीच्या ३० टक्के सुटत असतील, तर हातात आले ५,४००. जाहिरातीचा खर्च वजा केला की ६०० रुपये तोटा. म्हणून ‘विक्री’च्या ओळीखाली ‘माल वजा जाता उरले’ आणि ‘जाहिरात वजा जाता उरले’ अशा दोन ओळी द्या. या ओळी भरायला मालकाकडून मार्जिन विचारून घ्यावं लागेल, कारण ते रिपोर्टमध्ये येत नाही.

मराठी ओळीशेजारी स्क्रीनवरचं नाव मात्र जसंच्या तसं ठेवा. मालकाचा मुलगा मोबाइलवर आकडे ताडून बघतो, तेव्हा त्याला `Reach` हाच शब्द दिसणार असतो.