दोनशे तास भरले, तरी आयआर अडकलं

प्रश्न : मी नागपूरचा, यंदा बारावी सायन्स झालो. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी मेडिकल, परीक्षा, २०० तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे आयआर, यांत आधी काय करू? क्रम कसा लावू?

वयाने बराच लहान दिसतोस म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस.

आधी मेडिकल. फीचा पहिला हप्ता भरायच्याही आधी. विमान वाहतुकीचे नियम सांभाळणाऱ्या डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू करून घे आणि ते झालं की लगेच क्लास वनला लाग. क्लास वन हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात किंवा डीजीसीएने मान्य केलेल्या ठिकाणी होतं. सोलो उडायला क्लास टू चालतं म्हणून बरीच मुलं क्लास वन पुढे ढकलतात. निम्मे पैसे खर्च झाल्यावर रंगांधळेपणा निघाला तर ते कमर्शियल लायसन्स कशाच्या जोरावर मागणार? चष्म्याचं फार टेन्शन घेऊ नकोस, ठरलेल्या मर्यादेत नंबर असेल तर चालतो. मी मात्र भरगच्च सर्दी घेऊन गेलो होतो. ऑडिओमेट्रीत एका कानाने दगा दिला आणि कागदावर ‘टेम्पररी अनफिट’ आलं. कान चांगला होता, नाक चोंदलं होतं, पण काही महिने वाया गेले ते गेलेच.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. बारावीची मार्कशीट लावून डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढ, त्याशिवाय पेपरला बसता येत नाही. एअर रेग्युलेशन, मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकशील त्याचा टेक्निकल स्पेसिफिक, असे पेपर. पास व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलायचं आरटीआर वेगळं, त्यात तोंडी परीक्षा असते. नेव्हिगेशन आणि मेट तरी उडायला लागण्याआधी काढून टाक. दिवसभर धावपट्टीवर उन्हात तापून संध्याकाळी वाऱ्याच्या त्रिकोणाची गणितं सोडवायची ताकद कोणात उरत नाही.

आता मूळ मुद्दा, तासांचा. इथे मी स्वतः आपटलोय.

लायसन्सला एकूण २०० तास लागतात. त्यातले १०० पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझी. त्या पीआयसीतले किमान २० क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांब फेऱ्यांचे. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायच्या परवानगीचे, नियम वेगळ्या पानावर आहेत आणि तिथे पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तास मागतात. शिवाय इन्स्ट्रुमेंटचे ४० तास लागतात आणि त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त २० धरतात. उरलेले २० खऱ्या विमानात बाहेरचं दिसू न देणारा हूड लावून, शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून. हे डुअल असल्यामुळे पीआयसीच्या रकान्यात जात नाहीत.

सोलो झाल्यावर मी खुशीत लोकल उडत राहिलो. लोकल सोपं पडतं. सकाळी विमान मोकळं दिसलं की तासभर जवळपास फिरून यायचं, पीआयसीचा आकडा वाढतो. क्रॉस-कंट्रीला हवामान बघा, फ्लाइट प्लॅन टाका, दुसऱ्या विमानतळाशी जुळवा, अर्धा दिवस जातो. एका रात्री जेवणाच्या टेबलावर लॉगबुक उघडून बेरीज केली. एकूण १७६. पीआयसी ९२. त्यात क्रॉस-कंट्री २७. हूड ९.

म्हणजे २०० ला २४ तास बाकी. पण क्रॉस-कंट्री २३ हवेत आणि मल्टी-इंजिनचे, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांच्या विमानावरचे, १५ अजून व्हायचेच होते. हूडचे ११ त्या मल्टीतच बसवता आले, ते बरं झालं. तरी २३ आणि १५ मिळून ३८. शेवटी २१४ तासांवर थांबलो. वरच्या १४ तासांचे पैसे बाबांनी दिले, एक शब्द न बोलता, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून हिशोब असा मांड : १०० पीआयसी, त्यातले ५० बाहेरगावचे. मल्टी १५, हूड २०. उरलेल्या ६५ मध्ये सुरुवातीचं डुअल, सर्किट आणि बाकीचं शिकणं. रात्रीचे ५ तास लागतात, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग, ते या २०० मध्येच बसव. काही हूड मल्टीत केलंस तर थोडी जागा सुटते.

क्रॉस-कंट्रीत एक लांब फेरी सक्तीची असते : ३०० नॉटिकल मैलांपेक्षा कमी नाही आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग. नागपूर–गोंदिया–रायपूर–नागपूर हा त्रिकोण चार्टवर मोजलास तर ७४, ८४ आणि १५० असे साधारण ३०८ भरतात. पुरतात, पण काठावर. जबलपूर आणि रायपूर घेतलंस तर ४४० च्या आसपास जातं आणि मनाला हुरहूर राहत नाही.

याच त्रिकोणात नेव्हिगेशनचा पेपर जिवंत होतो. सेस्ना १५२ चा वेग ९० नॉट धर. वारा नसेल तर रायपूरहून परतीला एक तास चाळीस मिनिटं. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा १५ नॉटचा समोरून आला की जमिनीवरचा वेग ७५ उरतो आणि तोच रस्ता पूर्ण दोन तास खातो. जाताना हाच वारा पाठीशी असतो, त्यामुळे रायपूरला लवकर पोचून माणूस निर्धास्त होतो आणि परतीचं इंधन मोजायला विसरतो. इंधन जाताना लागलेल्या वेळावरून नको, परतीच्या दोन तासांवरून काढ आणि वर राखीव ठेव.

कॅलेंडरही बघ. जून ते सप्टेंबर ढगांमुळे व्हिज्युअल उड्डाणाचा भरवसा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, आणि हजार फूट उंचीवरचं सोनेगाव विमानाला पाच हजार फुटांवरच्या धावपट्टीसारखं वाटतं. दुपारी १५२ चढता चढत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांना पहाटेचाच स्लॉट हवा असतो. ऑक्टोबरला सुरू केलंस तर थंडीचे महिने पदरात पडतात. आयआरसाठी इन्स्ट्रुमेंटचे ५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले लागतात, त्यामुळे हूड सगळं आधी संपवून पावसाळाभर घरी बसलास तर त्यातलं काही पुन्हा करावं लागतं.

हूडची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा लावलास की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त पॅनल. हळू वळणातून सरळ झाल्यावर कान ठासून सांगतात की आपण उलट्या बाजूला कलतोय. मी हँडल अलगद मूळ वळणाच्या बाजूला ओढत होतो आणि इन्स्ट्रक्टर सर गप्प बसले होते. मग म्हणाले, “हॉरायझन बघ.” कृत्रिम क्षितिज वीस अंश कललेलं. कानाचं ऐकून मीच ते कलवलं होतं. हा धडा सिम्युलेटरवर मिळत नाही, तिथे शरीराला खोटा धक्का बसतच नाही. म्हणून विमानातले २० तास शेवटच्या पंधरवड्यात कोंबू नकोस. सोलो आणि पहिल्या काही क्रॉस-कंट्री झाल्या की आठवड्याला एक तास हूडचा टाकत जा, आणि दर महिन्याला लॉगबुकच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने चार बेरजा लिही : एकूण, पीआयसी, पीआयसी क्रॉस-कंट्री, हूड.