मित्राचा निबंध तपासताना

प्रश्न: मित्राने निबंध तपासायला दिला आहे. शुद्धलेखनाच्या चुका न विचारता दुरुस्त केल्या तर चालेल का?

चालेल, ‘मैत्रीणीने’चे ‘मैत्रिणीने’ करायला परवानगी लागत नाही. मात्र ‘केलं’ हे रूप चुकीचे समजून सगळीकडे ‘केले’ करण्याआधी त्याला विचारावे.

प्रश्न: मैत्रिणीची वाक्ये फार तुटक होती. मी ती जोडली, शब्द जरा वजनदार केले. आता ती म्हणते, ‘हा निबंध माझा राहिलाच नाही.’ माझे काय चुकले?

तुम्ही सोबत पाठवलेला तिचा मूळ मजकूर असा आहे: ‘आजी गेली. आई गप्प झाली. घर तेच होतं, भांडी तीच होती. तिची हाक तेवढी नव्हती.’ त्याचे तुम्ही केलेत: ‘आजीच्या निधनानंतर आईने मौन धारण केले आणि घरात एक पोकळी निर्माण झाली.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. पण भांडी गेली, हाक गेली, आणि उरलेले वाक्य कोणत्याही घरातल्या कोणत्याही मृत्यूबद्दल कोणीही लिहिले असते.

मूळ मजकुरात खरा दोष एकच आहे. ‘तिची’ म्हणजे आजीची की आईची, हे कळत नाही. तुम्ही ते वाक्यच काढून टाकल्याने तो दोष सुधारला गेला नाही, झाकला गेला. समासात ‘हाक कोणाची?’ एवढाच प्रश्न लिहायला हवा होता. कदाचित ती ‘आजीची’ असा एक शब्द बदलेल, किंवा दोघींचीही हाक थांबली असे तिला म्हणायचे असेल आणि त्यासाठी ती आणखी एक वाक्य लिहील. ते वाक्य तिलाच सुचू शकते, तुम्हाला नाही.

म्हणून पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे. दुसऱ्या वाचनात जिथे हात थबकेल तिथे स्वतःला विचारावे की हे चूक आहे, अस्पष्ट आहे, की केवळ मी असे लिहिले नसते. चूक दुरुस्त करावी, अस्पष्ट असेल तिथे प्रश्न लिहावा आणि तिसऱ्या प्रकाराला हात लावू नये. ‘लहान वाक्ये बाळबोध असतात’ ही तक्रार बहुतेक वेळा याच तिसऱ्या प्रकारातली असते. आता मूळ प्रत तिला परत द्या आणि कोणते बदल ठेवायचे ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न: एकच शब्द थोड्या अंतरात दोनदा आला की बदलावा, असे ऐकले आहे. खरे का?

नाही. वरच्या उताऱ्यातले ‘तेच’ आणि ‘तीच’ बदलून पाहा, म्हणजे या ऐकीव नियमाची किंमत कळेल. पुनरुक्ती नकळत झाली आहे असे वाटले, तर लेखकाला विचारावे.

प्रश्न: मैत्रिणीचा प्रवेश-अर्जाचा निबंध उद्या द्यायचा आहे. ‘एका रात्रीत निबंध चमकवून देऊ’ अशी जाहिरात पाहिली. तिथे द्यावा का?

देऊ नये. एका रात्रीत लेखकाला प्रश्न विचारायला वेळ नसतो, त्यामुळे अशा ठिकाणी साच्यातली वाक्ये भरली जातात. शिवाय बाहेरची मदत कितपत चालते, हे अर्ज मागवणाऱ्या संस्थेलाच विचारायला हवे, आणि ते आठवडाभर आधी विचारायला हवे होते. आज रात्री तिला निबंध मोठ्याने वाचायला सांगा, ती जिथे अडखळेल तिथे खूण करा आणि ती वाक्ये तिच्याकडूनच पुन्हा लिहून घ्या.