दोन दिवसांच्या चुकलेल्या गोळ्या आणि पंचेचाळीस तासांचा हिशेब

प्रश्न: माझा भाऊ 27 वर्षांचा आहे. कार्बामाझेपिन 400, हळूहळू विरघळणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ घेतो. अडीच वर्षांत एकही फिट नव्हती. यंदा गणपतीला राजापूरला गावी येताना गोळ्या मुंबईतच राहिल्या. सोमवारी सकाळी 8 ला शेवटची गोळी घेतली. मंगळवारी रात्रभर भजन झालं आणि बुधवारी पहाटे 5 च्या सुमारास जरा डोळा लागतोय तोच फिट आली. आई म्हणते देवापुढच्या गाऱ्हाण्यात काहीतरी राहिलं. दोन दिवसांत एवढं कसं बदलतं? ही गोळी डोक्यात नक्की करते काय?

उत्तर:

तुम्ही वेळा नेमक्या दिल्यात, म्हणून आधी हिशेबच करू. अलिबाग तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि गौरी-गणपतीचे दिवस सरले की चाकरमान्यांच्या घरचं असं काहीतरी दरवर्षी कानावर येतंच.

रक्तातलं औषध निम्मं व्हायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक औषधाचं साधारण ठरलेलं असतं. महिनोन् महिने कार्बामाझेपिन घेणाऱ्या माणसात हा वेळ साधारण 12 ते 17 तासांचा. आपण 15 धरू. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे 4 ते 12 मायक्रोग्रॅम ही या औषधाची कामाची पातळी मानतात. सोमवारी सकाळी भावाची पातळी 8 होती असं समजा. मग रात्री 11 वाजता ती 4 झाली, मंगळवारी दुपारी 2 ला 2 आणि बुधवारी पहाटे 5 ला 1. त्याची गोळी हळूहळू सुटणारी आहे, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा थोडे वर असतील, पण उताराचा सूर हाच. म्हणजे गाडी पनवेल सोडून पुढे गेली असेल-नसेल, तोवर पातळी खालच्या रेघेला टेकली होती. फिट येण्याआधी जवळपास तीस तास त्याचा मेंदू पुरेशा औषधाविना होता. तुम्हाला ते दोन दिवस वाटले, त्याच्या रक्ताला पहिल्याच रात्री फरक पडला होता.

यात एक गंमत आहे. तीच गोळी कुणी आयुष्यात पहिल्यांदा घेतली, तर ती निम्मी व्हायला 25 ते 65 तास लागतात. पण रोज घेत गेलं की तीन-पाच आठवड्यांत यकृत या औषधाला सरावतं, ते मोडणारी विकरं जास्त बनवायला लागतं आणि निचरा झपाट्याने होतो. डॉक्टर डोस ठरवतात तो हा वेग धरूनच. त्यामुळे “इतकी वर्षं औषध अंगात मुरलंय, एक-दोन दिवसांनी काय होतंय” हा आपला हिशेब उलटा पडतो. जुन्या रुग्णाच्या अंगातून ते नव्यापेक्षा लवकर जातं.

आता गोळी करते काय ते. चेतापेशीच्या पडद्यावर सोडियमसाठी बारीक बारीक दारं असतात. पेशीला पुरेसा इशारा मिळाला की ती उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विजेचा एक ठोका पुढे जातो. मग साधारण हजारांश सेकंदात दार आपोआप अडतं. आमच्याकडे पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीत, खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला, झापडीचं दार असलेली उघाडी असते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटकन कळेल. भरती चढली की उघाडीची झापड पाण्याच्याच रेट्याने बसते, कुणी माणूस ती लावायला जात नाही. ओहोटी झाली की ती सुटते. सोडियमचं दारही तसंच. ज्या विजेच्या बदलाने ते उघडतं, त्याच बदलाने ते अडतं, आणि पेशी शांत झाली की काही हजारांश सेकंदांत पुन्हा उघडायला तयार होतं.

कार्बामाझेपिनला हे अडलेलं दार आवडतं. ते तिथे जाऊन चिकटतं आणि दार पुन्हा तयार व्हायला उशीर लावतं. झापड बसल्यावर तिच्या खाली कुणी पाचर मारावी तसं. उघाडीशी तुलना इथेच संपते, कारण ही पाचर कायमची नसते, थोड्या वेळाने आपणहून निघते. आणि या “थोड्या वेळा”तच सगळी खुबी आहे. बोलताना, जेवताना, ढोलकी वाजवताना पेशी ठोके देतात, पण दोन ठोक्यांमध्ये उसंत असते. त्या उसंतीत पाचर निघते, दार तयार होतं आणि काम सुरळीत चालतं. फिटच्या वेळी मात्र पेशींचा एक जथा एकमेकांना चेतवत सेकंदाला शेकड्याच्या घरात ठोके द्यायला लागतो. तिथे उसंतच नाही. एक पाचर निघायच्या आत पुढचा ठोका येतो, अडलेल्या दारांची संख्या वाढत जाते आणि पेशीला ठोका द्यायला पुरेशी दारंच उरत नाहीत. म्हणून गोळी घेऊनही तुमचा भाऊ नोकरी करतो, गाडीत गप्पा मारतो, आरती म्हणतो. गोळी सगळा मेंदू बधिर करत नाही, बेभान झालेल्या पेशींना आवर घालते. (डोस जास्त झाला तर मात्र साध्या कामालाही दारं पुरत नाहीत. मग चक्कर, एकाचं दोन दिसणं, झोकांड्या. दुकानात येणारा माणूस दारू प्यायल्यासारखा चालतोय आणि तोंडाला वास नाही, तर मी आधी गोळ्या कधी, किती घेतल्या ते विचारतो.)

आता यातच तुमच्या प्रश्नाचं दुसरं अर्ध आहे. पाचर मारल्याने बांध दुरुस्त होत नाही. मेंदूत ज्या जागी फिट सुरू होण्याची खोड आहे, ती अडीच वर्षं तिथेच होती. गोळीने ती मोडली नाही, रोज दोनदा दाबून ठेवली. औषध 1 वर आलं, दारं नेहमीच्या वेगाने तयार व्हायला लागली, आणि त्यात जागरण पडलं. जागरणाने मेंदू जास्त चेतणारा होतो. शिवाय डोळा लागताना मेंदूच्या पेशी एका लयीत, एकत्र ठोके द्यायला लागतात, फिटला नेमकं हेच हवं असतं. पातळी 8 असती तर ते एक जागरण कदाचित पचलंही असतं. दोन्ही एकत्र आले. आईंना सांगा, गाऱ्हाण्यात काही राहिलं नव्हतं, बॅगेत भरायचं राहिलं होतं.

गोळ्या आता सुरू केल्या असतीलच. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायला जाऊ नका, वर सांगितलेल्या झोकांड्या त्यातूनच येतात. त्याच्या डॉक्टरांना फोन करून काय झालं ते सांगा. दोन दिवसांच्या खंडानंतर कार्बामाझेपिन बहुधा नेहमीच्याच डोसने पुन्हा चालू करायला सांगतात. एक लक्षात ठेवा. औषध जसं एका रात्रीत पुरतं जात नाही, तसं एका गोळीत भरूनही येत नाही. पातळी पूर्ववत व्हायला निम्मं होण्याच्या वेळेच्या पाचपट वेळ लागतो, म्हणजे इथे साधारण तीन दिवस. ते तीन दिवस त्याला विहिरीवर, खाडीत, विसर्जनाला पाण्यात एकट्याला सोडू नका आणि दुचाकी देऊ नका.

हे सगळं कार्बामाझेपिनचं. दुसरी गोळी असेल तर हाच हिशेब लावू नका. लॅमोट्रिजिन बरेच दिवस चुकलं तर ते जुन्या डोसवर एकदम सुरू करायचं नसतं, अंगावर धोकादायक पुरळ उठू शकतं, त्यामुळे पुन्हा तळापासून चढवत नेतात. क्लोबाझामची तऱ्हा आणखी वेगळी. ते मेंदूतल्या शांत करणाऱ्या संदेशाचा जोर वाढवतं. मेंदू हळूहळू त्या जादा जोराला सरावतो आणि स्वतःचा ब्रेक ढिला करतो. अशात गोळी अचानक थांबली तर आजार मूळचा होता त्याहूनही जोरात उसळू शकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपण किनाऱ्यावर राहतो म्हणून सांगतो. माझी आत्या कार्बामाझेपिनच्या साध्या गोळ्या घ्यायची. एका पावसाळ्यात तिला दीड महिन्यात दोन फिट आल्या. एकही गोळी चुकवली नाही, असं ती शपथेवर सांगत होती, आणि ते खरं होतं. डॉक्टरांनी सकाळच्या गोळीआधी रक्त घेऊन पातळी पाहिली, ती 3 च्या आसपास निघाली. मी घरी जाऊन बघितलं तर बाईने महिन्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून भाताच्या चुलीवरच्या फळीवर डब्यात ठेवलेल्या. वर आषाढ-श्रावणाची दमट हवा, खाली भाताची वाफ. गोळी बोटांत धरून मोडायला गेलो तर खडा. कार्बामाझेपिनची साधी गोळी ओलाव्याने अशी कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा एक तृतीयांशापर्यंत परिणाम वाया जाऊ शकतो. म्हणजे आत्या वेळच्या वेळी गोळी घेत होती आणि तरी तिचे डोस चुकत होते. नव्या पाकिटातल्या गोळ्या, डबा बंद, फळी बदलली. तीन आठवड्यांनी पातळी 6 झाली. तेव्हापासून मी फिटच्या गोळ्या देताना पाकीट फोडू नका, एकेक गोळी घ्यायच्या वेळीच काढा, एवढं सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही. तुमच्या भावाची हळूहळू सुटणारी गोळी चावून किंवा कुटूनही घ्यायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम सुटतं.

पुन्हा फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेला पंचा ठेवा, तोंडात चमचा घालू नका आणि घड्याळ बघा. कांदा आणि चप्पल हुंगवणारे शेजारी धावत येतीलच. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते, तोवर कांदा नाकाशी असतो आणि श्रेय त्याला जातं. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर रिक्षा मिळो वा टेम्पो, सरळ दवाखाना गाठा. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो, तो त्याच्यासाठी लिहून द्याल का हे डॉक्टरांना या फोनवरच विचारा. राजापूरच्या आतल्या वाडीतून दवाखान्यात पोहोचायला लागणारा अर्धा-पाऊण तास त्यांच्या लक्षात आणून द्या.

आणि पुढच्या वर्षी दहा दिवसांच्या गोळ्यांचं एक वेगळं पाकीट त्याच्या खिशात असू दे, बॅगेत नको. बॅग गाडीत सीटखाली जाते, डब्यात एवढी गर्दी असते की ती उतरेपर्यंत हाती लागत नाही.