बेरीज १३, गुणाकार ३६, तरी उत्तर चूक: ट्रेस नेमकं काय तपासतो

प्रश्न (म्हापशाहून, बी.एस्सी.): "३×३ मॅट्रिक्स आहे, ओळी अशा: (३, −२, −२), (−२, ६, ४), (−१, २, ४). माझ्या आयगेनव्हॅल्यू १, ६, ६ आल्या. ट्रेस १३, माझी बेरीज १३. डिटरमिनंट ३६, माझा गुणाकार ३६. तरी आयएसएत मार्क कापले. सर म्हणतात २, २, ९. दोन्ही उत्तरं कशी जुळतात? आणि जुळून चुकत असेल तर ट्रेसने तपासायचं कशाला?"

सरांचं उत्तर बरोबर आहे. तुझं कुठे चुकलं तेही मी इथे बसून सांगू शकतो, तुझी वही न बघता. पण आधी तपासणी फसली कशी ते बघ, कारण हा घोळ जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये होतो.

तू det(A − λI) पूर्ण उलगडलेलं नाहीस, हे मी पैजेवर सांगतो. आपल्याकडे ३×३ साठी सगळे जण तयार सूत्र वापरतात:

```
λ³ − S₁λ² + S₂λ − |A| = ०
```

यात S₁ म्हणजे ट्रेस, S₂ म्हणजे कर्णावरच्या तीन पदांच्या मायनरांची बेरीज. आता कुठल्याही घन समीकरणाच्या तीन मुळांची बेरीज λ² च्या सहगुणकावरून ठरते आणि गुणाकार शेवटच्या पदावरून. तू तिथे १३ आणि ३६ स्वतःच्या हाताने लिहिलेस. मग S₂ च्या जागी ४० असो, ४८ असो की ५७, मुळांची बेरीज १३ च येणार आणि गुणाकार ३६ च. मुळं वेडीवाकडी येतील, कधी काल्पनिकही येतील, पण बेरीज हलणार नाही. म्हापशाच्या बाजारात मासळी ज्या तराजूवर तोलली, त्याच तराजूवर परत ठेवून वजन बरोबर असल्याची खात्री करावी, तसली ही तपासणी झाली. कळलं ते एवढंच की तू समीकरण नीट सोडवलंस. समीकरण मॅट्रिक्सचंच आहे का, याबद्दल ती काहीच बोलत नाही. कॅल्क्युलेटरवर घन समीकरण सोडवत असशील तर तेवढाही उपयोग नाही, कारण सोडवण्यात यंत्र चुकत नाही.

आता S₂ बघू. तीन मायनर असे:

```
३×६ − (−२)(−२) = १८ − ४ = १४
३×४ − (−२)(−१) = १२ − २ = १०
६×४ − (४)(२)  = २४ − ८ = १६
```

बेरीज ४०, आणि समीकरण λ³ − १३λ² + ४०λ − ३६ = ०. याचे अवयव (λ−२)²(λ−९). तुझ्या १, ६, ६ वरून उलटं गेलं तर S₂ येतो ६ + ६ + ३६ = ४८. म्हणजे आठाने जास्त. पहिल्या मायनरमध्ये तीन वजा चिन्हं एका रांगेत आहेत; ती तिन्ही मिटवून तू १८ + ४ = २२ केलंस. चार वजा करायचे ते मिळवले की फरक आठाचाच पडतो. दुसऱ्या मायनरमध्ये अशीच चूक झाली असती तर फरक ४ चा पडला असता. तिसऱ्यात मुळात वजा पदंच नाहीत. म्हणून चूक पहिल्यातच. आणि तुझं नशीब असं की ४८ टाकूनही समीकरणाचे सुरेख अवयव पडले, (λ−१)(λ−६)². एरवी S₂ चुकला की मुळं दशांशात येतात आणि आपण आपोआप मागे वळून बघतो. इथे तसा संशय यायला जागाच नव्हती.

ट्रेसचा आणि आयगेनव्हॅल्यूंचा संबंध येतो कुठून, हे एकदा कागदावर बघितलंस तर तपासणी कुठे लावायची तेही कळेल. det(A − λI) उलगडताना सहा गुणाकार मिळतात, प्रत्येकात दर ओळीतलं आणि दर स्तंभातलं एकेक पद. त्यातला एक गुणाकार संपूर्ण कर्णाचा, (३−λ)(६−λ)(४−λ). बाकीच्या पाचांपैकी कुठलाही घे. कर्णावरचं एक पद सोडलं की दुसरंही सोडावंच लागतं, कारण नाहीतर एखाद्या ओळीत किंवा स्तंभात अडकायला होतं. त्यामुळे त्या पाचांमध्ये λ जास्तीत जास्त एकदा येतो. λ² येणार तो फक्त कर्णाच्या गुणाकारातून, आणि तिथे त्याचा सहगुणक ३ + ६ + ४. दुसरीकडे हेच det म्हणजे (λ₁−λ)(λ₂−λ)(λ₃−λ), जिथे λ² चा सहगुणक λ₁ + λ₂ + λ₃. दोन्ही एकच बहुपदी, म्हणून दोन्ही बेरजा समान. n×n साठीही शब्दशः हेच.

म्हणजे तू सूत्र न वापरता det(A − λI) पहिल्या ओळीने उलगडलंस, तर λ² चा सहगुणक १३ येतो का हे बघणं ही खरी तपासणी आहे, कारण तो १३ तुझ्या गुणाकारांतून आपसूक यायला हवा. आणि ती समीकरण सोडवण्याआधी कर. चुकलेल्या घन समीकरणाचे अवयव शोधत पंधरा मिनिटं घालवण्यापेक्षा ते बरं.

पण तू सूत्रच वापरणार, हे मला माहीत आहे, आणि परीक्षेत मीही तेच वापरायला सांगतो. मग तपासणी अशी हवी जी S₂ ला हात घालेल. त्यासाठी A² चा ट्रेस घे. Ax = λx असेल तर A²x = λ²x, म्हणून A² च्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे A च्या आयगेनव्हॅल्यूंचे वर्ग, आणि A² चा ट्रेस म्हणजे त्या वर्गांची बेरीज. (मुळं पुन्हा पुन्हा येत असली तरीही हे खरं राहतं, त्याची सिद्धता A ला त्रिकोणी रूपात नेऊन करतात, ती इथे सोडतो.) अख्खा A² काढू नकोस, कर्णावरची तीन पदं पुरतात:

```
पहिलं:  ३×३ + (−२)(−२) + (−२)(−१) = ९ + ४ + २ = १५
दुसरं:  (−२)(−२) + ६×६ + ४×२ = ४ + ३६ + ८ = ४८
तिसरं:  (−१)(−२) + २×४ + ४×४ = २ + ८ + १६ = २६
```

एकूण ८९. तुझ्या उत्तराचे वर्ग: १ + ३६ + ३६ = ७३. सरांचे: ४ + ४ + ८१ = ८९. निकाल लागला. तुझ्यात १६ कमी आहेत, त्यांचे अर्धे ८, आणि S₂ तेवढ्यानेच जास्त होता. हा योगायोग नव्हे: वर्गांची बेरीज = S₁² − २S₂, म्हणून S₂ आठाने फुगला की वर्गांची बेरीज सोळाने घटते.

तुझ्या मनात येईल की A² च्या ट्रेसमध्येही तेच (−२)(−२) आहे, मग तिथेही चूक होईलच की. होऊ शकते. पण मायनरमध्ये गुणाकाराच्या बाहेर आणखी एक वजा असतो आणि घसरायला होतं ते त्याच्यामुळे. इथे तो वजा नाही, सरळ बेरीज आहे. तीच चूक दोन्हीकडे करणं जड जातं. ३×३ मध्ये बेरीज, वर्गांची बेरीज आणि गुणाकार या तिन्ही गोष्टी जुळल्या की तीन आयगेनव्हॅल्यू पक्क्या, दुसरं उत्तर शिल्लकच राहत नाही. ४×४ ला A³ चा ट्रेसही लागतो आणि तिथे हाताने करण्यात मजा उरत नाही. एक सावधानता: आयगेनव्हॅल्यू काल्पनिक असतील तर वर्गांची बेरीज ऋणही येऊ शकते. ओळी (०, −१) आणि (१, ०) घेतल्यास तर A² चा ट्रेस −२ येतो. त्याला चूक समजू नकोस.

तरी साध्या ट्रेसला अगदीच टाकाऊ ठरवू नकोस. तुझ्याच वर्गात कोणीतरी ओळींच्या क्रिया करून मॅट्रिक्स त्रिकोणी केली असेल आणि कर्णावरचे आकडे आयगेनव्हॅल्यू म्हणून उतरवले असतील. या मॅट्रिक्सला तसं केलं तर कर्णावर ३, १४/३ आणि १८/७ येतात. गुणाकार बरोबर ३६, कारण एका ओळीत दुसरीचा पट मिळवल्याने डिटरमिनंट बदलत नाही. बेरीज मात्र सव्वादहाच्या आसपास, कारण ट्रेस बदलतो, आणि आयगेनव्हॅल्यूही बदलतात. ही चूक डिटरमिनंट पकडत नाही, ट्रेस एका नजरेत पकडतो. तसंच कोणी "२ आणि ९" एवढंच लिहून थांबला तर बेरीज ११ होते. दोन कमी पडले म्हणजे २ हे मूळ दोनदा मोजायचं राहिलं. आणि दोन व्हॅल्यू शोधून तिसरी १३ मधून वजा करून काढत असशील तर खुशाल काढ, पण मग ट्रेस तिथे खर्च झाला. त्यानेच पुन्हा तपासलंस तर परत तोच तराजू.

व्हेक्टर काढायला घेतले असतेस तरी चूक बाहेर आली असती. A − I चा डिटरमिनंट ८ येतो, शून्य नाही, म्हणजे १ साठी x = ० सोडून उत्तरच मिळत नाही. असं झालं की आकडेमोड पुन्हा पुन्हा घासत बसू नकोस, आयगेनव्हॅल्यूच चुकली आहे. उलट A − २I च्या तिन्ही ओळी (१, −२, −२) च्याच पटीत आहेत, त्यामुळे २ साठी (२, १, ०) आणि (२, ०, १) असे दोन स्वतंत्र व्हेक्टर मिळतात. ९ चा व्हेक्टर (−१, २, १). A ने गुणून बघ, (−९, १८, ९) येतं.