वाचन बरोबर, भागाकार चुकला

"सर, रेसिमिक आल्फा-फिनाइलइथाइलअमाइनचं (+)-टार्टारिक आम्लानं रिझोल्यूशन केलं. सगळं नीट केलं तरी एनॅन्शिओमेरिक एक्सेस ६२.५ टक्केच येतोय. म्हणजे माझ्या अमाइनमध्ये एस फक्त ६२.५ टक्के आहे का? महिनाभराचं काम वाया गेलं असं वाटतंय."
– एम.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी

तिच्या वहीतल्या कच्च्या नोंदी अशा होत्या: १.०० ग्रॅम अमाइन, इथेनॉलमध्ये विरघळवून १० मिली फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरलं. पोलॅरीमीटरची नळी १ डेसिमीटर, सोडियम दिवा. फक्त इथेनॉल भरून वाचन +०.०६°, नमुन्याचं वाचन −२.४६°. पुढं लिहिलं होतं: स्पेसिफिक रोटेशन −२५.२°, पुस्तकातलं मूल्य −४०.३°, म्हणून २५.२ भागिले ४०.३, म्हणजे ६२.५ टक्के.

पहिला भाग तिनं चोख केला होता. कोऱ्या इथेनॉलचं वाचन वजा करताना पुष्कळ मुलं चिन्हात फसतात. इथं −२.४६ मधून +०.०६ वजा करायचे, म्हणजे −२.५२°. मग

[α] = α / (l × c)

यात α म्हणजे वजाबाकीनंतरचं वाचन, l ही नळीची लांबी डेसिमीटरमध्ये आणि c ही तीव्रता ग्रॅम प्रति मिलीमध्ये. १.०० ग्रॅम १० मिलीत, म्हणजे c ०.१०० आणि उत्तर −२५.२°. तिथपर्यंत हरकत घ्यायला जागा नाही.

गोंधळ त्याच्या पुढच्या ओळीत होता. −४०.३° हे मूल्य शुद्ध एस अमाइनचं खरंच आहे, पण ते द्रावक न घालता, नुसतं द्रव अमाइन नळीत भरून घेतलेलं. तिथं c च्या जागी घनता, सुमारे ०.९४, वापरतात. हेच अमाइन इथेनॉलमध्ये १० टक्के असेल तर शुद्ध एसचं मूल्य सुमारे −३०° येतं. नुसत्या द्रवात अमाइनचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात, इथेनॉलमध्ये ते इथेनॉलशी जोडले जातात. आजूबाजूचं बदललं की रेणूची ठेवण बदलते आणि ध्रुवित प्रकाश वळवण्याचं प्रमाणही. स्पेसिफिक रोटेशनला पदार्थाचा गुणधर्म म्हणतात खरं, पण द्रावक, तीव्रता, तापमान आणि प्रकाशाची तरंगलांबी सोबत लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धाच असतो.

म्हणून तिला इतकंच सांगितलं, "भागाकार ४०.३ नं नको, ३० नं कर." २५.२ भागिले ३० म्हणजे ८४ टक्के. नमुना तोच, वाचन तेच.

आता एस किती, हा तिचा दुसरा प्रश्न. ८४ टक्के एक्सेस म्हणजे ८४ टक्के एस नव्हे. शंभर रेणू समोर ठेवा: ९२ एस आणि ८ आर, म्हणजे एसच्या आरशातल्या प्रतिमा. आठ आर रेणू आठ एस रेणूंचं वळण पुसून टाकतात, म्हणजे १६ रेणू निष्प्रभ झाले. उरलेले ८४ एसच काय ते वाचनात दिसतात. म्हणून मुख्य घटक काढायचा तर १०० मध्ये एक्सेस मिळवून निम्मं करायचं: १८४ चे निम्मे ९२. तिच्या चुकीच्या ६२.५ लाही हाच हिशेब लावला असता तर एस ८१ टक्क्यांहून जास्त निघालं असतं. रेसिमिकमध्ये एस ५० टक्के असतंच, आणि एक्सेस त्या ५० च्या वरून मोजायला सुरुवात होते, हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ उरत नाही.

तिथं थांबता आलं असतं, पण तिच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर ईथरचा वास येत होता. सोडियम हायड्रॉक्साइडनं टार्टरेट मिठातून अमाइन मोकळं केल्यावर ते ईथरमध्ये काढून घेतात, आणि ईथर पूर्ण न उडवताच वजन केलं तर १.०० ग्रॅममध्ये ईथरही मोजलं जातं. ईथर प्रकाश वळवत नाही, पण c वाढवून दाखवतं, म्हणून रोटेशन कमी भासतं आणि दोष बिचाऱ्या रिझोल्यूशनला लागतो. तपासायचं साधन सोपं आहे: प्रोटॉन एनएमआरमध्ये १.२ पीपीएमजवळ ट्रिपलेट आणि ३.५ जवळ क्वार्टेट दिसले तर ईथर आहे. तिच्या वर्णपटात दोन्ही होते. अमाइनचा स्वतःचा मिथिल डब्लेट १.४ च्या आसपास येतो, त्याच्याशी गल्लत करू नये.

तिनं उरलेलं अमाइन रोटरी इव्हॅपोरेटरवर न तापवता थोडा वेळ ठेवलं. फार वेळ ठेवलं तर अमाइनही उडायला लागतं, म्हणून मधेमधे वजन घेत राहिली. बाटली उघडी ठेवायची नाही हेही तिला बजावलं होतं, कारण हे अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि तोंडाशी पांढरा थर जमतो. मग ०.५० ग्रॅम घेऊन ५ मिली द्रावण केलं. शून्य वजा जाता वाचन −२.६२°. स्पेसिफिक रोटेशन −२६.२°, एक्सेस ८७ टक्के, एस साधारण ९३.५ टक्के.

इथं तिनं ८७.३३ असं लिहिलं होतं. ते खोडायला लावलं. कॉलेजातल्या हातानं फिरवायच्या पोलॅरीमीटरची व्हर्नियर ०.०५° पर्यंत वाचते. अडीच अंशांच्या वाचनात तेवढी चूक म्हणजे दोन टक्के, म्हणजे एक्सेसमध्ये पावणेदोनचा फरक. द्रावण १ टक्का ठेवलं असतं तर वाचन पाव अंश आलं असतं आणि तीच चूक वीस टक्क्यांची झाली असती. शिवाय संदर्भाचं ३०° हे मूल्यही घट्ट नाही: २९ धरलं तर ९० टक्के, ३१ धरलं तर साडेचौऱ्याऐंशी. दशांशानंतरचे आकडे या पद्धतीत मिळतच नाहीत. ते हवे असतील तर कायरल एचपीएलसीवर दोन शिखरांची क्षेत्रफळं मोजावीत. तिथं संदर्भमूल्याची गरजच पडत नाही.

८७ च्या वर जायचं असेल तर मोजणीत नव्हे, स्फटिकात हात घालावा लागेल. मेथेनॉलमधून टार्टरेट मीठ सुईसारख्या बारीक स्फटिकांत पडलं तर त्यात आर जास्त अडकतं. सुया दिसल्या की गरम करून पुन्हा विरघळवायचं आणि जाड, प्रिझमसारख्या स्फटिकाचा एखादा कण टाकून सावकाश थंड होऊ द्यायचं. तिनं सांगितलं की पहिल्या वेळी थोड्या सुया दिसल्या होत्या, पण घाईत तशाच गाळल्या.

शेवटी वहीत नोंद कशी लिहायची तेही ठरलं. लेखनात c ग्रॅम प्रति १०० मिली असतो आणि सूत्रात ग्रॅम प्रति मिली. हा शंभरपटीचा घोळ दरवर्षी होतो, म्हणून तिच्या १० टक्के द्रावणासाठी ओळ अशी झाली:

[α]D²⁵ = −26.2 (c 10, EtOH), ee 87%